भाऊबीजेचा ‘भेट काय द्यायची’ ईमेल: मिठाईच्या दुकानासाठी पायरीपायरीने

भाऊबीजेचा ईमेल लिहायला बसलं की बहुतेक जण आधी विषयाची ओळ शोधत बसतात. ती शेवटी लिहावी. बाकीचं ठरलं की पाच मिनिटांत सुचते. आधी ठरवायचं ते हे की मिठाईचा डबा कुणाच्या घरून निघून कुणाच्या घरी जाणार आणि नेमका कधी उघडला जाणार. हे न ठरवता लिहिलेला ईमेल कितीही देखणा असला तरी शेवटी ‘सणानिमित्त आमच्याकडून मिठाई घ्या’ एवढंच सांगतो, आणि तसे दहा ईमेल त्या आठवड्यात प्रत्येकाला आलेले असतात.

इथे नमुन्यादाखल पुण्यातलं एक मिठाईचं दुकान धरू. त्याच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे काही हजार ईमेल पत्ते आहेत. साल २०२६, भाऊबीज बुधवारी, ११ नोव्हेंबरला. किमती आणि खर्च उदाहरणापुरते आहेत, तिथे आपले आकडे घाला.

पायरी १: डबा कुठून कुठे जातो ते बघा

राखीपौर्णिमेचा जुना ईमेल काढून त्यात ‘राखी’च्या जागी ‘भाऊबीज’ टाकायची सवय अनेकांना असते. ते जमत नाही. राखी पोस्टाने जाते. भाऊबीजेला आपल्याकडे भाऊ बहिणीच्या घरी जातो, ती त्याला ओवाळते आणि तो ताम्हणात ओवाळणी घालतो. म्हणजे साधारण तीन प्रकारचे लोक तुमचा ईमेल वाचणार:

- गावातल्याच बहिणीकडे जाणारा भाऊ. त्याला रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि डबा जाता जाता उचलायचा असतो.
- बहीण नागपूरला किंवा बंगळुरूला असलेला भाऊ. ओवाळणी तो फोनवरून पाठवेल, पण डबा कुरिअरने आधी निघाला पाहिजे.
- बहीण. ती गावात असेल तर फराळ तिच्या घरी झालेलाच असतो, तिला तुमची काजूकतली विकत घ्यायची फारशी गरज नाही. भाऊ होस्टेलवर किंवा परगावी नोकरीला असेल तर मात्र तिला फराळ पाठवायचा असतो.

तिघांना एकच ईमेल पाठवला की तो कुणालाच आपला वाटत नाही. तीन पूर्ण ईमेलही लागत नाहीत. एक भावांसाठी, एक बहिणींसाठी, आणि गावातल्या भावांसाठी शेवटच्या दोन दिवसांत एक छोटी आठवण, एवढं पुरतं. कोण भाऊ आणि कोण बहीण हे यादीत लिहिलेलं नसतं. नावावरून अंदाज बांधू नका, ‘किरण’ आणि ‘सुमन’ इथे फसवतात. त्यापेक्षा पहिल्याच ईमेलच्या वरच्या भागात दोन दुवे द्या: ‘बहिणीसाठी बघायचंय’ आणि ‘भावासाठी बघायचंय’. ज्याने ज्यावर बोट ठेवलं, त्याला पुढचा ईमेल त्याप्रमाणे.

पायरी २: भाऊबीजेपासून उलटं मोजा

ईमेलमध्ये कुठली मिठाई सुचवायची हे चवीपेक्षा कॅलेंडरवर ठरतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

परगावच्या डब्याचा हिशोब बघा. भाऊबीज ११ तारखेला. पाडवा १० ला, लक्ष्मीपूजन रविवारी ८ ला. या चार दिवसांत कुरिअरवाल्यांच्या सुट्ट्या आणि अर्धे दिवस असतात, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त ठेवायची नाही. डबा शनिवारी ७ तारखेला पोचला पाहिजे. पुण्याहून नागपूरला तीन दिवस धरले तर तो बुधवारी ४ तारखेला निघायला हवा. म्हणजे ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख मंगळवार, ३ नोव्हेंबर.

आता त्याच डब्याकडे मिठाईच्या बाजूने बघा. माल ३ तारखेच्या रात्री तयार झाला आणि ११ तारखेला ओवाळणीच्या वेळी ताटात आला, तर त्याला आठ दिवस झाले. रसमलाई, रसगुल्ले, कलाकंद यांचा तर प्रश्नच नाही, ते एक-दोन दिवसांचे. खव्याचे पेढे आणि बर्फी साधारण चार दिवस धरतात, तेही थंडावा असेल तर. नेहमीच्या डब्यातली काजूकतली आठवडाभर चांगली राहते, म्हणजे आठव्या दिवशी ती काठावर आहे. ती पाठवायची असेल तर हवाबंद पॅकिंगमध्येच, आणि कारखान्याने दिलेली टिकण्याची तारीख किमान १३ नोव्हेंबरपर्यंत असेल तरच. तुपातले बेसन लाडू, शंकरपाळे, चकली, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि सुका मेवा यांना या प्रवासाची काळजी नाही.

म्हणून ईमेल लिहिणाऱ्याने आधी कारखान्यात जाऊन प्रत्येक पदार्थापुढे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: नेमके किती दिवस टिकतो, कुठल्या पॅकिंगमध्ये, आणि त्या आठवड्यात रोज किती किलो निघेल. सुट्या मिठाईच्या ट्रेपाशी ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावण्याचा नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ ऑक्टोबर २०२० पासून केलेला आहे, त्यामुळे हे आकडे कारखान्यात असतातच. ईमेल लिहिणाऱ्यापर्यंत ते पोचत नाहीत, एवढंच. मग फोटो छान आला म्हणून अंगूर रबडी ईमेलात जाते, परगावहून ऑर्डर येते, आणि दुकानाला फोन करून नाही म्हणावं लागतं.

गावातल्या डब्याचं गणित वेगळं. यंदा लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मध्ये ९ तारखेचा सोमवार मोकळा आहे. गावातल्यांना आठवण पाठवायला तो दिवस उत्तम. १० ला संध्याकाळी किंवा ११ ला सकाळी डबा दुकानातून घेऊन जायचा, म्हणजे इथे खव्याची मिठाईसुद्धा चालते.

पायरी ३: तीनच गोष्टी सुचवा

बारा डब्यांचे फोटो टाकले की तो ईमेल राहत नाही, दरपत्रक होतं. वाचणाऱ्याला ‘काय द्यावं’ हा प्रश्न आहे, त्याचं उत्तर माणसागणिक द्या, पदार्थागणिक नाही. परगावच्या बहिणीसाठी अशी तीन माणसं पुरतात: जिला गोड मनापासून आवडतं ती, जिच्या घरात सासरची मंडळी धरून सहा-सात जण आहेत ती, आणि जी गोड कमी खाते ती.

तिसऱ्या डब्याबद्दल जपून लिहा. खजूर-अंजिराचे रोल ‘साखर न घातलेले’ असतात, पण गोड असतातच. त्यांना ‘मधुमेहींसाठी’ म्हणून विकू नका. ते खरंही नाही आणि अंगाशीही येईल. खारवलेले काजू-बदाम, मखाणे, चिवडा असा डबा सुचवला तर काहीच दावा करावा लागत नाही.

प्रत्येक सुचवणीत चार गोष्टी हव्यात: निव्वळ वजन (खोका सोडून), साधारण किती नग, करासह किंमत, आणि कधीपर्यंत टिकेल. नगांची संख्या फार कमी जण देतात, पण गिऱ्हाइकाला ‘पाचशे ग्रॅम’पेक्षा ती लवकर कळते. घरात सात माणसं आहेत, प्रत्येकाला दोन-दोन तरी मिळतील का, हे तो मनात मोजत असतो. स्वतःच्या दुकानातला डबा उघडून मोजा. काजूकतलीचा तुकडा प्रत्येक दुकानात वेगळ्या मापाचा असतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही.

बहिणींच्या ईमेलमध्ये सुचवणी बदलते. तिथे फराळाचा पेटारा पुढे आणा: लाडू, चिवडा, चकली, शंकरपाळे. सोबत हळद, कुंकू, अक्षता आणि सुपारी यांची छोटी पुडी ठेवलीत तर तिला व्हिडिओ कॉलवरून ओवाळताना भावाच्या बाजूला करंडा शोधत बसायला लागत नाही. खर्च नगण्य, पण ऑर्डर करताना हाच डबा का घ्यावा याचं कारण मिळतं.

पायरी ४: ईमेल लिहा

भावांसाठीचा पूर्ण नमुना असा:

> पाठवणारा: (दुकानाचं नाव), पुणे
> विषय: बहीण परगावी? भाऊबीजेचा डबा
> विषयाखालची ओळ: पुण्याबाहेरच्या ऑर्डरी मंगळवार, ३ नोव्हेंबरपर्यंत.
>
> बहिणीसाठी बघायचंय | भावासाठी बघायचंय
>
> नमस्कार,
>
> भाऊबीज यंदा बुधवारी, ११ नोव्हेंबरला आहे. बहीण परगावी असेल आणि तुम्हाला जाणं जमत नसेल, तर ओवाळणी त्या दिवशी फोनवरून जाईल. डबा मात्र आधी निघावा लागतो. प्रवासात टिकतील अशा तीनच गोष्टी निवडल्या आहेत.
>
> गोड आवडणाऱ्या बहिणीला: काजूकतली, हवाबंद डबा. ५०० ग्रॅम, साधारण ४० तुकडे, ६४० रुपये. १५ नोव्हेंबरपर्यंत उत्तम.
>
> सगळ्या घराला पुरेल असं: बेसन लाडू ५०० ग्रॅम (साधारण १४ नग), भाजक्या पोह्यांचा चिवडा ५०० ग्रॅम, चकली २५० ग्रॅम. ७९० रुपये. २० नोव्हेंबरपर्यंत उत्तम.
>
> गोड कमी खाणाऱ्या बहिणीला: खारवलेले काजू, बदाम आणि मखाणे. ४०० ग्रॅम, ७२० रुपये. महिनाभर टिकतं.
>
> [ डबा निवडा ]
>
> ऑर्डर करताना दोन ओळी लिहिल्यात तर त्या चिठ्ठीवर छापून डब्यात ठेवू. बिल डब्यात ठेवत नाही, ते तुम्हाला ईमेलने येईल.
>
> ३ नोव्हेंबरपर्यंतच्या ऑर्डरींना पुण्याबाहेरचा पाठवणीखर्च आमच्याकडे. कोड लागत नाही.
>
> तुमच्या बहिणीच्या गावी डबा पोचेल का अशी शंका असेल तर याच ईमेलला उत्तर द्या, पिनकोड बघून सांगतो.

यात विशेषणं जवळजवळ नाहीत, ते मुद्दाम. ‘अतूट नातं’, ‘गोडवा द्विगुणित’ ही वाक्यं वाचणाऱ्याचा डोळा ओलांडूनच जातो, आणि त्यांनी अडवलेल्या जागेत तारीख मावत नाही.

विषयाची ओळ मोबाईलवर साधारण तीस-पस्तीस अक्षरांनंतर कापली जाते. म्हणून ‘भाऊबीज’ आणि ‘डबा’ हे शब्द त्याच्या आत बसवा, दुकानाचं नाव तिथे नकोच. ते पाठवणाऱ्याच्या जागी आहेच. विषयाखालची ओळ रिकामी सोडली तर तिथे ‘हा ईमेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’ असं काहीतरी उमटतं, आणि शेवटची तारीख सांगायची सगळ्यात चांगली जागा वाया जाते.

नाव घालून हाक मारायचा मोह आवरा. यादीतली नावं बहुधा इंग्रजीत भरलेली असतात आणि मराठीत नावाला प्रत्यय लागतो, त्यामुळे अर्धं नाव रोमनमध्ये आणि पुढे मराठी ‘च्या’ लटकलेला, असं ध्यान तयार होतं. नुसतं ‘नमस्कार’ सभ्य दिसतं. क्रियापदांचंही तसंच. ‘तू ऑर्डर केली होतीस’ अशी सलगी दुकानाने करू नये, दुकान ‘तुम्ही’च म्हणणार. चिठ्ठीवरचे नमुने मात्र भावाच्या तोंडचे आहेत, तिथे ‘तू’ हवं. ‘ताई, आपणास शुभेच्छा’ असं कुठलाच भाऊ लिहीत नाही. ‘ताई, यंदा येता आलं नाही. पहिला लाडू तू खा, बाकीचे मोजून ठेव’ असं काही चालेल. थोरल्या आणि धाकट्या बहिणीसाठी एकेक नमुना द्या, आणि चौकट मोकळीही ठेवा.

पायरी ५: सवलत हलक्या हाताने

भाऊबीजेची भेट ही ओवाळणीच्या शेजारी ठेवली जाते. तिथे ‘फ्लॅट १५ टक्के सूट’ लिहिलेला डबा कुणालाच नको असतो, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. पण सवलत नकोशी नसते, तिचं रूप बदलायला हवं.

आकड्यांत बघू. ६४० रुपयांच्या डब्यावर १५ टक्के म्हणजे ९६ रुपये. कुरिअरचा खर्च समजा ९० रुपये येतो. दुकानाच्या खिशातून जवळपास तेवढेच जातात, पण ‘पाठवणीखर्च आमच्याकडे’ यात भेटीची किंमत कमी झाल्यासारखी वाटत नाही आणि परगावी पाठवणाऱ्याचा नेमका खटकणारा खर्च जातो. शिवाय तो ३ तारखेला बांधला की ऑर्डरी लवकर येतात, कारखान्याला माल ठरवता येतो. गावातल्या गिऱ्हाइकाला हे लागू नाही. त्याला किलोभर मिठाईवर पावशेर चिवडा द्या.

ही ओळ ईमेलमध्ये सुचवण्यांच्या खाली, एकदाच, साध्या अक्षरात. वर लाल पट्टीत टाकली की बाकीचं कुणी वाचत नाही. उलटी धावणारी घड्याळं नकोत; तारीख खरी असेल तर तीच पुरेशी घाई करते. आणि तारीख उलटल्यावर ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ करू नका, कारण ४ तारखेनंतरचा डबा वेळेत पोचणारच नाही.

एक बारीक गोष्ट. पाकीटबंद मालावर एमआरपी आणि निव्वळ वजन छापणं कायद्याने बंधनकारक आहे, भेट आहे म्हणून ते झाकता येत नाही. ईमेलमध्ये ‘किंमत दिसणार नाही’ असं आश्वासन म्हणून देऊ नका. ‘बिल डब्यात ठेवत नाही’ एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहा.

पायरी ६: मराठी अक्षरं शाबूत ठेवा

मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, जसा छापखान्याकडून अनेकदा येतो, तर ईमेलमध्ये त्याची इंग्रजी अक्षरांची भेळ होते. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर अवघड अक्षरं तपासा, विशेषतः ‘र्‍य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’. मजकुराचा फोटो करून टाकणं हा पळवाटेचा उपाय आहे. ज्याच्या फोनवर फोटो आपोआप उघडत नाहीत त्याला कोरं पान दिसतं.

ईमेलच्या साच्यात हे असावं:

```html
<html lang="mr">
<meta charset="utf-8">
<body style="font-family:'Noto Sans Devanagari',
  'Kohinoor Devanagari','Nirmala UI',sans-serif;
  font-size:17px; line-height:1.6; letter-spacing:0">
```

इंग्रजी साचे ओळींमधलं अंतर कमी ठेवतात, त्यात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात, म्हणून १.६. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्य.

अजून एक अडचण इंग्रजी ईमेलवाल्यांना सहसा येत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. ‘भाऊबीज’ हा एक शब्द अठरा बाइटचा. ईमेलचा मजकूर आणि साचा मिळून सुमारे १०२ केबीपुढे गेला की जीमेल तो मध्येच कापतं, आणि सगळ्यात खालचा ‘यादीतून नाव काढा’ हा दुवा गायब होतो. तो सापडला नाही की माणूस सरळ ‘स्पॅम’ दाबतो. जुन्या सणांच्या साच्यांतले न दिसणारे भाग साफ करून टाका.

पायरी ७: कुणाला पाठवायचा आणि कुणाला नाही

ज्यांनी स्वतः पत्ता देऊन ईमेलला होकार दिला त्यांनाच. बिलासाठी घेतलेला पत्ता म्हणजे होकार नव्हे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून ईमेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या खुणा लावणं, तसंच एका टिचकीत नाव काढायची सोय देणं भाग आहे. तुमची यादी लहान असली तरी हे करून ठेवा. ईमेलच्या न दिसणाऱ्या शीर्षभागात या दोन ओळी लागतात (पत्ता आपला घाला), त्या बहुतेक ईमेल सेवा स्वतः घालतात, पण चाचणीच्या ईमेलमध्ये आहेत ना ते बघा:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/123>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

आणि भाऊबीजेपुरती एक सोय अवश्य द्या. ज्यांनी भाऊ किंवा बहीण गमावली आहे त्यांना हा ईमेल टोचतो. पहिल्या ईमेलच्या आधी तीन-चार दिवस दोन ओळींचा ईमेल जाऊ द्या: ‘भाऊबीजेबद्दलचे ईमेल नको असतील तर इथे सांगा, बाकीचे नेहमीप्रमाणे येत राहतील.’ कारण विचारायचं नाही, दुसरं पान उघडायचं नाही, आणि त्या ईमेलात एकही डबा दाखवायचा नाही.

पायरी ८: तारखा लावा, तपासा, पाठवा

आपल्या उदाहरणात क्रम असा बसतो. शनिवारी २४ ऑक्टोबरला ‘नको असतील तर सांगा’. बुधवारी २८ ला सकाळी मुख्य ईमेल, आणि ज्यांनी त्यात ‘भावासाठी बघायचंय’वर बोट ठेवलं त्यांना लगेच बहिणींचा ईमेल. सोमवारी २ नोव्हेंबरला, ज्यांनी दुवा उघडला पण ऑर्डर केली नाही फक्त त्यांना, तीन ओळींची आठवण. सोमवारी ९ ला गावातल्यांसाठी दुकानातून डबा न्यायचा ईमेल. ज्याची ऑर्डर आली त्याचं नाव पुढच्या प्रत्येक यादीतून काढायचं. हे राहिलं की पैसे भरलेल्या माणसाला ‘अजून डबा घेतला नाहीत?’ असं विचारलं जातं आणि तो घाबरून फोन करतो.

पाठवायच्या आधी स्वतःला आणि दुकानातल्या दोघांना पाठवून बघा: एक साधा अँड्रॉइड फोन, एक आयफोन, एक ऑफिसचा संगणक. गडद पार्श्वभूमी लावून बघा, कारण मागे रंग नसलेला काळा लोगो तिथे दिसेनासा होतो. फोटो बंद करून बघा. मग बटण दाबून थेट पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा आणि नागपूरचा एखादा पिनकोड घाला. पाठवणीखर्च शून्य दाखवतोय का? चिठ्ठीच्या चौकटीत मराठी टाइप होतंय का, आणि चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातून ते चौकोन-चौकोन होऊन तर येत नाही? हे शेवटचं जवळजवळ कुणीच तपासत नाही. लेबल छापायच्या अनेक छोट्या यंत्रांत देवनागरी नसते; तसं निघालं तर चिठ्ठ्या साध्या प्रिंटरवर काढायची सोय २८ तारखेच्या आधी लावा.

किती जणांनी ईमेल उघडला या आकड्यावर फार जाऊ नका. ॲपलचं मेल ॲप कित्येक ईमेल आपणहून उघडल्याची नोंद करतं. परगावच्या ऑर्डरी किती, त्यातल्या कितींवर चिठ्ठी होती, आणि किती डबे ७ तारखेपर्यंत पोचले, हे तीन आकडे वहीत लिहा. उशिरा पोचलेल्या डब्यांचे पिनकोडही लिहा. पुढच्या वर्षी त्या गावांसाठी ऑर्डरीची शेवटची तारीख दोन दिवस अलीकडे घ्यायची आहे.